दुमडलेला कान

ड्रॉइंगच्या मास्तरांनी फोटो खिडकीच्या काचेला चिकटवला, वर ट्रेसिंग पेपर लावला आणि पेन्सिल हातात घेऊन ते नुसतेच उभे राहिले. फोटोत त्यांची बायको, शाळेतल्या दुसरीच्या बाई, वर्गातल्या खुर्चीत बसली होती. मांडीवर बोका होता, आणि तिचा तळवा त्याच्या डोक्यावर.

शाळेला बोका हवा होता, बाई नको होत्या. असं कुणी तोंडाने म्हटलं नव्हतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, फार जपून विषय काढला होता. मुलांच्या टी-शर्टावर, बिल्ल्यावर आणि मैदानाच्या भिंतीवर शाळेचा म्हणून एखादा शुभंकर असावा, आणि तो दुसरीच्या बाईंचा फौजदारच का असू नये? मास्तरांना नाही म्हणवेना. त्यांना आयुष्यात कुणालाच नाही म्हणता आलं नव्हतं.

फौजदार हे नाव मुलांनीच ठेवलेलं. अंगाने काळाकुळकुळीत, छातीवर तेवढा पांढरा पट्टा. रोज सकाळी तो बाईंच्या मागोमाग शाळेत जायचा आणि दुसरीच्या खिडकीत बसून वर्गावर नजर ठेवायचा. बाई आजारपणात गेल्या, त्यानंतरही काही दिवस तो एकटाच जाऊन बसत असे. मग एके दिवशी तो शाळेतही दिसला नाही आणि घरीही आला नाही. मागे राहिला हा एकच फोटो. कॅमेरा दिसला की बाई पदर तोंडावर घ्यायच्या. लेकीने त्यांना बेसावध गाठलं होतं, म्हणून हा तरी निघाला.

पहिल्या चित्रात मास्तरांनी केस न् केस काढला. पाठीवरची चकाकी काढली, मिशा काढल्या, पंजावरची जुनी जखमसुद्धा सोडली नाही. लेक छापखान्यात चित्रं आणि मजकूर संगणकावर जुळवायचं काम करायची. तिने कागद हात लांब करून धरला.

"बाबा, हे अंगठ्याएवढ्या बिल्ल्यावर गेलं की काय दिसेल माहितीये? डांबराचा ठिपका."

"मिशा तरी राहू दे."

"एकेका बाजूला दोन. त्याही जाड."

"चांगल्या डझनभर होत्या गं त्याला."

"आईने मोजल्या असत्या. छापखाना मोजत नाही." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत ना मला? डोळे किलकिले करून बघायचं. बारीकसारीक गळून पडतं, उरतं ते चित्र."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. गळून पडायचं म्हणजे किती, हे मुलांना सांगताना मास्तरांना कधी जड गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि डोळे बारीक केले. खुर्ची गेली, साडीची किनार गेली, बायकोचा चेहरा गेला. उरला तो बोका. डोकं म्हणजे एक गोल, धड पेरूसारखं, छातीवर उलटा पांढरा त्रिकोण, शेपटी स्वल्पविरामासारखी. एक कान ताठ त्रिकोणी. दुसरा बाहेरच्या बाजूला आडवा पडलेला. दिसला तसा त्यांनी तो टिपला. मग काळ्या कागदातून आकार कातरले, पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवले, पुठ्ठा भिंतीला टेकवला आणि खोलीच्या पार टोकाला जाऊन मागे वळून पाहिलं.

फौजदार होता. कुणी शेजारून हाक मारावी तसं त्यांना झालं.

मोठ्या बाईंनी चित्र टेबलावर ठेवलं.

"छान उतरलाय. शेपटी तर अगदी तीच. पण मास्तर, हा कान असा का?"

"तसाच होता तो."

"नाही हो. दोन्ही ताठ होते. मी व्हरांड्यात आले की आधी त्याचे कान वळायचे, मग मान. मला तर वाटायचं, माझीच तपासणी चाललीये."

मास्तरांनी मान डोलावली, पुठ्ठा काखेत मारला आणि ते घरी आले. वाटेत त्यांना कशाचंच भान नव्हतं. बोका त्यांच्याच घरात वाढला होता. त्यांच्याच खुर्चीखाली झोपला होता. आणि त्याचे कान कसे होते हे त्यांना आठवत नव्हतं. संध्याकाळी बायको बोक्याला घेऊन बसायची, काहीबाही सांगत राहायची, आणि ते समोर पुस्तकात डोकं खुपसून हं हं करायचे. जन्मभर दुसऱ्यांना बघायला शिकवलं. घरात काय बघितलं मग?

त्यांनी दोन ताठ कानांचा दुसरा बोका कातरला. नीटनेटका झाला. तो कुणाचाही असू शकला असता.

लेकीने दोन्ही पुठ्ठे शेजारी ठेवले आणि फोटो उजेडात नेला.

"बाबा, कान दुमडलेला नव्हताच. आईच्या हाताखाली दबलाय तो."

मास्तरांनी फोटो हातात घेतला. तिच्या करंगळीचं टोक आणि त्याखाली चपटा झालेला कान. इतके दिवस समोर होतं.

"म्हणजे चुकलंच माझं."

"ते आपण दोघांनी घरात बसून कसं ठरवायचं? आईच्या वर्गातली मुलं आता तिसरीत आहेत. त्यांना दाखवू."

तिसरीच्या वर्गात मास्तर फळ्याजवळ उभे राहिले. मोठ्या बाई दाराशी होत्या. मास्तरांनी आधी ताठ कानांचं चित्र वर धरलं.

"मांजर," दोघेतिघे म्हणाले.

"वटवाघूळ," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आणि वर्ग हसला.

मास्तरही कसनुसं हसले. मग त्यांनी दुमडलेल्या कानाचा पुठ्ठा उचलला. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"फौजदार," पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली.

"पण त्याचे कान तर ताठ होते ना गं?" मोठ्या बाईंनी दारातून विचारलं.

"हो. पण बाईंनी हात ठेवला की असा व्हायचा." मुलीने आपलाच तळवा डोक्यावर ठेवला आणि कान दाबून दाखवला. "आमचापण व्हायचा."

शेजारच्या मुलाने तसंच केलं. मग मागच्या बाकावरच्याने, मग आणखी कुणी. वर्गभर मुलं स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून, एक कान दाबून बसली होती. कुणी हसत नव्हतं. मोठ्या बाई दारातून दुसरीच्या रिकाम्या खिडकीकडे बघत होत्या.

"हाच घेऊ या," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी लेक संगणकावर चित्राच्या कडा सारख्या करत होती. मास्तर तिच्या मागे खुर्ची ओढून बसले होते. मांडीवर पुस्तक होतं, पण मिटलेलं.

"कान जरासा वर उचलू का? लहान आकारात डोक्याला चिकटल्यासारखा दिसतोय. थोडी फट राहिली तर छापायला बरं."

"फट ठेव. पण उचलू नकोस," मास्तर म्हणाले. "तिथे हात आहे."

तिने मागे वळून पाहिलं नाही. कानाच्या खाली पांढरी बारीक फट सोडली, कान होता तसाच राहू दिला, आणि मग मिशा घेतल्या. एकेका बाजूला दोन, जाड.