बॅच एकशे बाराचं निवेदन

टोमॅटो तोक्कूच्या, म्हणजे तिखट चटणीच्या, बाटलीत पांढरी बुरशी आल्याचा फोटो कुणीतरी फेसबुकवर टाकला आणि सोमवारी सकाळी तो चेन्नईभर फिरत होता. व्यंकटेशच्या छोट्या कारखान्यातला फोन थांबेना.

तुळजा तिथली देखरेख करणारी. अकरा वर्षं झाली होती. फोटो पाहताच तिनं निवेदन लिहून आणलं : "हा कुणा जळणाऱ्याचा खोडसाळपणा आहे."

व्यंकटेशनं कागद बाजूला ठेवला. "तुळजाक्का, हे आपल्याला माहीत आहे का?"

मग त्यानं रेवाला बोलावलं. पुण्याहून आलेल्या या मुलीला नोकरीत जेमतेम पाच महिने झाले होते. तिनं वीस मिनिटांत लिहिलं : फोटो आम्ही पाहिला. बॅच एकशे बारा दुकानांतून परत घेत आहोत. नमुना तपासणीला दिला आहे. अहवालाआधी कारण सांगणार नाही. ज्यांच्याकडे ही बाटली आहे त्यांनी ती वापरू नये, या नंबरवर कळवावं. उद्या पाच वाजता पुढची माहिती देऊ.

एवढंच. व्यंकटेश ते दोनदा वाचून हसला. असं तो तुळजाकडे बघून कधी हसला होता, तिला आठवेना.

कामगारांसाठीचा निरोपही रेवानंच लिहिला, पण तिला तमिळ येत नव्हतं. भाषांतर तुळजाकडे आलं. फोनवर वाद घालू नका, अंदाज सांगू नका, आपल्या नावानं नेटवर उत्तर देऊ नका, नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या. शेवटी होतं : "तपासणी बाटलीची आहे, तुमच्या मेहनतीची नाही." हे वाक्य आपल्याला का सुचलं नाही, हे तुळजाला टोचत राहिलं.

तेवढ्यात तिला निवेदनातली चूक दिसली. एकशे बाराच्या साठ बाटल्या दुकानांत नव्हत्याच. त्या इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कँटीनला गेल्या होत्या. निवेदन असंच गेलं, तर उद्या कँटीनमधूनच दुसरा फोटो येईल. आणि रेवाचं हसं होईल. तिला हे हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. तिनं पेन परत भाषांतराच्या कागदावर टेकवलं.

मग तिच्या डोळ्यांसमोर कँटीनमध्ये दुपारी जेवायला बसणारी माणसं आली.

ती उठली. "थांबा, टाकू नका. 'दुकानांतून आणि कँटीनमधून' असं लिहा. कँटीनला मी आत्ताच फोन करते."

रेवाचा चेहरा उतरला. "अक्का, मला ठाऊकच नव्हतं. वाचलो आपण."

"वाचलो," तुळजा म्हणाली, पण तिला बरं वाटलं नाही.

निवेदन बाहेर जाण्याआधी तुळजानं पॅकिंगच्या बायकांना निरोप वाचून दाखवला. शेवटच्या वाक्याला त्यांच्यातल्या कनकानं डोळे पुसले. "अक्का, हे तुम्ही लिहिलंत?"

हो म्हणणं किती सोपं होतं.

"रेवानं लिहिलं," तुळजा म्हणाली, आणि लगेच दुसरीकडे बघू लागली.