रंगूबाईंचं पहिलं उत्तर

दर्शनाच्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं! डोंबिवलीच्या दिवाळी अंकात तिची पहिलीच मोठी मुलाखत, आणि तीही कव्हरवर! तीस वर्षांपूर्वी कोलशेतच्या बाटल्यांच्या कारखान्यात संप केलेल्या रंगूबाईंची.

रेकॉर्डिंग अडीच तासांचं, ट्रान्स्क्रिप्ट त्रेचाळीस पानांचं, आणि जागा चार पानं. घ्या! बाईंनी विषय कुठून कुठे नेलेला. दर्शनाने ‘म्हंजे’ आणि ‘काय ते’ उपटले, तेच तेच एकदाच ठेवलं, विखुरलेलं एका प्रश्नाखाली आणलं. बोली मात्र बाईंचीच, पदरचा शब्द एकही नाही. ‘संप कोणी फोडला?’ ‘मीच. पोरगी तापाने फणफणली होती, कामावर परतायच्या कागदावर पहिली सही माझी.’ हे वाचून संपादक प्रशांत सर खुर्चीतून उठलेच. म्हणाले, ‘‘हेच हेडिंग! पाचला पानं छपाईला. तेवढं बाईंना वाचून दाखव.’’ छापण्याआधी बोलणाऱ्याला वाचून दाखवायचं, हा त्यांचा नियम.

तीन वाजता दर्शनाने फोनवर वाचलं.

‘‘मावशी, काही चुकलं का?’’

‘‘चुकलं नाय गं पोरी. पण मी इतकी सरळ कुठली? आधी कारखान्यातल्या चांगदेववर ढकललं होतं ना? ते कुठं गेलं?’’

दर्शनाने ट्रान्स्क्रिप्टची पानं उलटली. सहाव्या पानावर होतंच: ‘चांगदेवने फोडला. गद्दार मेला.’ आणि एकतिसाव्या पानावर, चहा झाल्यावर, कोणी विचारलेलं नसताना: ‘मघाशी खोटं बोलले. मीच.’ नंतरचं खरं, म्हणून आधीचं तिने बिनदिक्कत गाळलेलं!

‘‘ते चुकीचं होतं म्हणून काढलं, मावशी.’’

‘‘अगं, तीस वर्षं तेच सांगत फिरले मी! चांगदेव ते ऐकत ऐकतच वारला. मालन, त्याची बायको, पलीकडच्या गल्लीत राहते. ती वाचेल, रंगूने विचारताक्षणी खरं सांगितलं. मग तिच्या नवऱ्याला बदनाम कोणी केलं? भुताने?’’

दर्शनाला केवढी लाज वाटली! एक शब्द न बदलता तिने बाईला आयतं इमानदार करून ठेवलं होतं.

मग जी धावपळ उडाली! सहाव्या पानावरचं उत्तर परत जागेवर आलं, एकतिसाव्यावरचं शेवटाकडे गेलं, आधी कंसात ‘चहानंतर, न विचारता’. जागेसाठी दर्शनाने स्वतःची लाडकी प्रस्तावना उडवली. ‘मीच’चं हेडिंगही गेलं. ‘‘शेवट आधीच फोडायचा नाही,’’ प्रशांत सर हळहळत म्हणाले, आणि स्वतःच खोडलं.

पाचला दहा कमी असताना तिने पुन्हा फोन लावला, दोन्ही उत्तरं वाचली.

‘‘हां,’’ रंगूबाई म्हणाल्या. ‘‘अंक आला की पहिला मला दे. मालनच्या दारात जाऊन मीच वाचून दाखवते, ‘गद्दार’पासून.’’