चिमीचे पैसे

"अनामत रक्कम आलेलीच नाही म्हणतात ते," परदेशी प्रवेशाच्या सल्लागार बाई स्क्रीनवरून नजर न काढता चिमीला म्हणाल्या.

अटींचं ओझं आत्ता कुठे उतरलं होतं. सशर्त प्रवेशपत्रात शेवटच्या वर्षाचे गुण आणि इंग्रजीची परीक्षा, अशा दोन अटी होत्या. दोन्ही पूर्ण झाल्या, विनाअट पत्रही आलं. पण अनामत जमा झाल्याशिवाय विद्यापीठ पुष्टीपत्र देणार नव्हतं, आणि त्या पत्रावरच्या क्रमांकाशिवाय व्हिसाचा अर्ज करताच येत नाही. पुष्टीपत्रांची मुदत आज पाच वाजता संपत होती.

"पैसे तर काकांनी मागच्याच आठवड्यात पाठवले."

"कुणाच्या नावाने पाठवले ते बघ. संदर्भाच्या रकान्यात विद्यार्थी क्रमांक लागतो."

काकांचं तसबिरी मढवायचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. तिने तिथे धापा टाकतच पावती मागितली. काच कापायचं हत्यार खाली ठेवून त्यांनी ड्रॉवरमधून ती काढली. संदर्भाच्या रकान्यात लिहिलं होतं: चिमीला काकाचे आशीर्वाद. तेही इंग्रजी अक्षरांत.

"रकाना रिकामा होता," काका म्हणाले. "म्हटलं, त्या लोकांनाही कळू दे, पोरगी बेवारस नाही. काही चुकलं का माझं?"

तिला ओरडावंसं वाटलं. पण वडील गेल्यापासून ज्यांनी तिला एकदाही दम भरला नव्हता, त्यांच्यावर ओरडणार कसं?

पावती पाठवताच विद्यापीठाच्या हिशेब विभागाचं उत्तर आलं. अशी रक्कम बेवारस खात्यात पडून आहे. पण चिमी नावाची विद्यार्थिनी आमच्याकडे नाही. पैसे भरणाऱ्याने सही करून लेखी कळवावं.

कुठल्याच कागदावर ती चिमी नव्हती. ते नाव फक्त या दुकानात आणि घरात चालायचं.

काका लिहायला बसले. पासपोर्टवरचं नाव, विद्यार्थी क्रमांक, रक्कम, तारीख, सगळं त्यांनी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. खाली त्यांनी लिहिलं: 'चिमी म्हणजे हीच. माझी पुतणी. मी तिला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही.' ती इंग्रजीत लिहून देत होती आणि ते एकेक अक्षर गिरवत होते.

तिने सही केलेल्या पत्राचा फोटो पाठवला, आणि चार वाजून पन्नास मिनिटांनी रक्कम तिच्या नावावर लागली. सोबत पुष्टीपत्राचा मसुदा आला, नाव आणि पासपोर्ट क्रमांक तपासून लगेच होकार द्या म्हणून. तिने प्रत्येक आकडा बोटाने तपासला आणि होकार कळवला. दोन मिनिटं बाकी असताना क्रमांक आला.

"म्हणजे व्हिसा मिळाला?" काकांनी विचारलं.

"नाही काका. आता फक्त अर्ज करता येईल."

काकांनी पेनाला टोपण लावलं आणि ते ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

"मग तो अर्ज तूच भर," ते म्हणाले. "मला तुझं खरं नाव लिहायची सवय नाही."