सासूबाईंचा नकार

गावच्या वादळाच्या आराखड्यात सासूबाईंना एकच काम होतं: नकार देणं. दर सरावाला त्या उंबऱ्यावर फतकल मारून बसायच्या आणि 'घर सोडून मी नाही येत' म्हणायच्या. स्वयंसेवकांनी त्यांची समजूत काढायला शिकायचं. त्या इतक्या रंगात यायच्या की लोक हसून बेजार. शेवटी गाठोडं उचलून सगळ्यांच्या पुढे चालू लागायच्या. ही युक्ती सुनेची. इशारा पथकाची ती प्रमुख, आणि तिला या युक्तीचा भारी अभिमान.

आज खरं वादळ येत होतं. सकाळी पिवळा इशारा आला तशा होड्या वर ओढल्या. दुपारी नारिंगी आला आणि म्हातारे, आजारी, गरोदर बायका आधी, अशी माणसं उंचावरच्या दुमजली शाळेत हलवायला सुरुवात झाली. सून भोंगा घेऊन गल्लोगल्ली फिरली, फक्त स्वतःची गल्ली सोडून. आपलं घर आपण बघायचं नाही, असा नियमच होता. नाहीतर बाकीची घरं राहतात.

शाळेत मास्तर गल्लीवार माणसं मोजत होते. "खालच्या गल्लीत एक कमी. तुमच्या सासूबाई."

त्या गल्लीवर नेमलेला सुतार हसला. "दारातूनच हाक मारली. आतून म्हणाल्या, मला उठवत नाही, तुम्ही जा. म्हटलं, आजी, आज नाटक पुरे. येतील मागून, नेहमीसारख्या."

सासूबाईंचं नाटक सुनेला तोंडपाठ होतं. त्यात 'उठवत नाही' कधीच नव्हतं.

तेवढ्यात नियंत्रण कक्षाचा फोन आला: लाल इशारा कोणत्याही क्षणी. लाल झाला की दार बंद, कोणी बाहेर पडायचं नाही. हा नियमही तिनेच हट्टाने घालून घेतलेला.

"अजून नारिंगीच आहे," ती म्हणाली. "स्ट्रेचर आणि दोर द्या. सुतारदादा, तुम्ही आणि आणखी एक जण चला. मास्तर, आम्ही वेळेत नाही आलो तर दार आमच्यासाठी उघडं ठेवायचं नाही."

मास्तरांनी स्ट्रेचर आणि दोर काढून दिला.

सासूबाई न्हाणीपाशी पडल्या होत्या, एक पाय वाकडा. पाणी अंगणात आलं होतं. रडायला सुनेला सवड नव्हती. तिने पाय फळीला बांधला, त्यांना स्ट्रेचरवर घेतलं आणि दोराला धरून तिघं गुडघाभर पाण्यातून निघाले. शेजारच्या छपराचा पत्रा उडून समोर आदळला. त्याला वळसा घालून ते चढण चढले. ते आत आले, मास्तरांनी कडी घातली आणि फोन वाजला. लाल.

"चूक माझी," सून सुताराला म्हणाली. "मीच तुम्हाला हसायला शिकवलं. आराखड्यात आजच लिहू: कोणी काहीही म्हणो, आत जाऊन डोळ्यांनी बघायचं."

सुतार मान खाली घालून उभा होता. सासूबाईंनी त्याचा हात धरला.

"पुढच्या सरावाला मी न्हाणीपाशी आडवी पडणार," त्या कण्हत म्हणाल्या, "आणि तोंडातून शब्द काढणार नाही. बघते, आत कोण येतं ते."