शेगड्यांची पेटती परीक्षा

अमळनेरच्या बाजारपेठेत भिकमचंदजींचं भांड्यांचं आणि गॅस शेगड्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर ते बसतात आणि गिऱ्हाईक त्यांची सून रुची सांभाळते. त्या सकाळी जवळच्या खेड्यातून ज्योत्स्ना आली. तिच्या बचत गटातल्या बायकांना एकदमच शेगड्या घ्यायच्या होत्या. सोबत तिने घरचं रुंद बुडाचं पातेलंही आणलं होतं.

तेव्हा दुकानात भूपेंद्र चहा पीत बसला होता. ‘फ्लोरेना’ या काचेच्या शेगड्यांचा जळगावचा वितरक. त्याने लगेच चकचकीत काळी शेगडी पुढे सरकवली. “ताई, काच मजबूत, बर्नर पितळी, आयएसआय मार्क. डोळे मिटून घ्या.”

“डोळे उघडे ठेवूनच घ्या,” रुची म्हणाली आणि तिने शेजारी ‘तेजल’ची साधी स्टीलची शेगडी मांडली. “दोन्ही पेटवू.”

“बीनणी, गिऱ्हाइकाला गोंधळात टाकू नकोस,” भिकमचंदजी सुनेला दबक्या आवाजात म्हणाले. फ्लोरेनाचा माल दिवाळीपूर्वी संपवायचा शब्द त्यांनी भूपेंद्रला दिला होता.

“गोंधळ घरी नेल्यावर होतो, बाबूजी. इथे झालेला बरा.”

तिने दोन्ही शेगड्यांना नवी नळी लावली, सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिलं आणि आलटून पालटून एकाच सिलिंडरवर, एकाच मापाच्या पातेल्यात तेवढंच पाणी झाकण ठेवून उकळलं. फ्लोरेनाची ज्योत निळी, ठाशीव होती. पाणी झटकन उकळलं. तेजलची ज्योत मात्र पिवळी, लांब जिभेसारखी निघाली आणि पातेल्याच्या बुडाला काजळी धरली.

भूपेंद्र मोठ्याने हसला. “बघा!”

“बघतेच आहे.” रुचीने शेगडी बंद केली, बर्नरखालच्या नळीवरची हवेची चकती थोडी उघडली आणि पुन्हा पेटवलं. आता ज्योत निळी झाली, पाणीही जवळपास तितक्याच लवकर उकळलं. “हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, गॅस वाया जातो. तुमची शेगडी वाईट नाही, भूपेंद्रभाऊ. मी तसं म्हणणारही नाही.”

मग तिने ज्योत्स्नाचं पातेलं फ्लोरेनावर ठेवलं. बूड इतकं रुंद की काच जवळजवळ सगळी झाकली गेली. तिने खोक्यातलं माहितीपत्रक काढून वाचलं. एवढं रुंद भांडं काचेवर वापरू नये, खाली उष्णता कोंडते आणि काच तडकू शकते, असं कंपनीनेच छापलं होतं.

“आमनाकडे बठ्ठ्या बायास्ना पातेला असाच,” ज्योत्स्ना म्हणाली. गटातल्या सगळ्याच बायकांची पातेली अशी रुंद होती. “आन् बिघडनी ते गावमा कोन येई?”

“फोन करा, दुसऱ्या दिवशी माणूस दारात,” भूपेंद्र म्हणाला.

“आत्ताच करू.” रुचीने खोक्यावरचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडच्या मुलीने हिंदीत पिनकोड विचारला, थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, “मॅडम, तुमच्या भागात सेवा नाही. शेगडी नाशिकच्या केंद्रावर आणून द्यावी लागेल.”

रुचीने फोन ठेवला. तेजलची दुरुस्ती करणारा जीवराम इथल्याच स्टेशन रोडवर बसतो, जेट, नॉब, बर्नर असे सगळे सुटे भाग त्याच्याकडे मिळतात, हे ज्योत्स्नाला सांगायची गरज नव्हती. तिच्या भावाची शेगडी त्यानेच दुरुस्त केली होती. तिने तेजलवर बोट ठेवलं.

भूपेंद्रने पेला आपटला. “शेठजी, सुनेला आवरा. नाहीतर एजन्सी काढून घेतो. दुकानावरचा फ्लोरेनाचा बोर्डही.”

भिकमचंदजींनी रुचीकडे पाहिलं. ती मान खाली घालेल असं त्यांना वाटलं असावं.

“काढून घ्या,” ती म्हणाली. “पण लहान भांड्यांचं, काळजीपूर्वक वापरणारं घर आलं तर तुमचीच शेगडी चांगली म्हणेन. आणि नाशिकचंही सांगेन. जे माहीत आहे ते गिळून मी विकणार नाही.”

“भाऊ, तुम्ही मला म्हणाला होतात, सेवा जळगावात आहे,” भिकमचंदजी हळूच म्हणाले.

“होणार आहे...”

“मग होईल तेव्हा या.”

एजन्सी गेलीच. दिवाळीआधी तो बोर्ड समोरच्या दुकानावर चढला आणि पुष्कळ गिऱ्हाईकही तिकडे वळलं. भिकमचंदजी दोन-तीन दिवस सुनेशी कामापुरतंच बोलले. रुचीला त्याचं वाईट वाटलं, पण तिने माफी मागितली नाही. उलट दुकानाबाहेर टेबल टाकून तिने शेगड्या पेटत्या ठेवल्या आणि वर पाटी टांगून खडूने लिहिलं : ‘आपलं भांडं घेऊन या. पेटवून बघा. मग विचारा, बिघडली तर कोण येणार?’

पहिल्याच दिवशी एक बाई समोरच्या दुकानातून काचेची शेगडी पसंत करून बाहेर पडली, पाटी वाचून थबकली आणि तशीच मागे फिरली, तिथल्या मालकाला तोच प्रश्न विचारायला.