आईपुरतं बंद

आमचं अ‍ॅप गोळ्यांची आठवण करून देतं. लॉक असलेल्या फोनवरही गजर पडदाभर उघडावा, म्हणून लोकांनी सेटिंगमध्ये आम्हाला परवानगी दिली. मालकाने त्याच परवानगीच्या जोरावर केसांच्या तेलाची जाहिरात पडदाभर नाचवली. ती बनवताना मला किळस आली होती.

आज तो तणतणत आला. "आईची गोळी चुकली. गजर नुसता छोट्या सूचनेसारखा येतो."

त्याच्या फोनच्या स्पीकरवरून त्याची आई म्हणाली, "ते मेलं तेल सारखं तोंडावर यायचं. मी परवानगीच काढून टाकली."

"इथून चालू कर," मालक मला म्हणाला.

"अ‍ॅपला ते जमत नाही. परवानगी त्यांनाच पुन्हा द्यावी लागेल."

त्याने फोनवर हात ठेवला. "मग तेल फक्त आईपुरतं बंद कर."