साडेतीन तोळ्यांचा मांगटिका

पार्लरवालीने कंगव्याच्या शेपटाने नवरीचा भांग पाडायला घेतला आणि मध्येच हात थांबवला. मागे बसलेल्या आईला आरशात पार्लरवालीचा चेहरा दिसला. समोर नको ते दिसावं आणि बोलायचीही चोरी व्हावी, तसा.

"काकू, जरा इकडे या."

आई मांडीवरची डबी सावरत उठली. डबीत व्याह्यांकडचा मांगटिका होता, साडेतीन तोळ्यांचा, खाली मोत्यांची झालर असलेला. सोबत अंबाड्यात खोचायच्या, सोन्याच्या टोप्यांच्या सहा जुडा पिना. काल संध्याकाळी विहीणबाई स्वतः आणून देऊन गेल्या होत्या. "आमच्याकडे प्रत्येक सुनेच्या कपाळावर हाच होता," असं म्हणाल्या होत्या. त्यात मागणी नव्हती की विनंती नव्हती, नुसतं सांगणं होतं. पण त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. लग्न उद्या अकरा वाजता. आज नुसती तालीम.

आईने वाकून पाहिलं. लेकीच्या डोक्यावर, भांगाच्या मधोमध सुरू होऊन थेट टाळूपर्यंत, केसच नव्हते. कुठे खुंट, कुठे गुळगुळीत कातडी, दोन ठिकाणी ताजी खपली. खुर्चीवरच्या पांढऱ्या टॉवेलवर काळी भुकटी सांडली होती. विरळ केस झाकायला लावतात ती.

"हे काय झालं, बबड?" आईने विचारलं. "काही चावलं? औषधाची रिअॅक्शन?"

सव्वीस वर्षांची बबड आरशात बघत नव्हती. "मीच उपटते," ती म्हणाली. "तुला माहितीये."

आईला माहीत होतं. हेच तर खरं दुखणं होतं. सातवीत असताना पोरगी अभ्यासाला बसली की एकेक केस बोटाला गुंडाळून उपटायची. आईने हातावर चापट्या मारल्या, हातांत मोजे घातले, शेवटी डोकं भादरून आणलं आणि शेजारी-पाजारी ताप आला होता म्हणून सांगितलं. केस पुन्हा दाट आले तेव्हा तिने सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर घरात कुणी तो विषय काढला नाही. आईने स्वतःही काढला नाही.

"कधीपासून?"

"बंद कधी झालंच नव्हतं. कमी-जास्त व्हायचं. या दोन महिन्यांत जास्त झालं."

"तुला हे लग्न नकोय का?"

"हवंय गं. लग्नाचं काही नाहीये त्यात. हात आपोआप जातो."

पार्लरवाली बिचारी एक टॉवेल चार वेळा घडी करत उभी होती. मग ती कामाला लागली, कारण तिला दुसरं काय करता येणार होतं! "बघू तरी," म्हणाली. तिने मांगटिक्याची साखळी हातात तोलली. "काकू, हे सगळं वजन कपाळ नाही पेलत. वरच्या टोकाला हा हूक आहे ना, तो जिथे केसांत अडकतो तिथे पेललं जातं. भांगाच्या वरच्या टोकाला, इथे." तिने बोट टेकवलं. बोट नेमकं उघड्या कातडीवर होतं.

तिने हूक थोडा मागे नेऊन शाबूत केसांत अडकवला. साखळी आखूड पडली आणि पदक केसांच्या रेषेतच बसलं. साखळीला दोऱ्याची जोड दिली. मग दोन्ही बाजूंनी बारीक मोत्यांच्या सरी लावून कानांच्या वर अडकवल्या, म्हणजे भार विभागेल. काळ्या पिना एकमेकींवर आडव्या फुलीसारख्या खोचल्या, वर स्प्रे मारला. लांबून पाहता सुंदर दिसत होतं. आईच्या जिवात जीव आला.

"आता मान खाली घाला. डावीकडे. उजवीकडे. उठा, दोन पावलं चाला, वाका."

बबड वाकली. मागची बट पिनांसकट ओढली गेली, ती कळवळली आणि मांगटिका सरकत भुवईवर येऊन तिरका लोंबकळला. दुसऱ्यांदा बांधला. दुसऱ्यांदा तर तो थेट मांडीत पडला. हुकाला पाच-सात केस मुळासकट आले होते.

"नाही होणार," पार्लरवाली म्हणाली. "मी ओढून बसवीन, पण उद्या चार तास हा डोक्यावर राहिला तर आहेत ते केसही जातील. आणि सगळ्यांसमोर पडला तर?" तिने खणातून एक पातळ, पोकळ घडणीचा मांगटिका काढला. "हा सात ग्रॅम आहे. हा राहील. अंबाडा गंगावनावर बांधते, जाळीत भरण घालते. पण पिनाही या सोन्याच्या नकोत. यांची टोपी जड आणि पाय आखूड. भरणातून उलट्या होऊन बाहेर येतील. लांब पायांच्या हलक्या घेऊ."

"विहीणबाईंना काय सांगू?" आईने विचारलं. पार्लरवाली पिना गोळा करू लागली. ते काही तिच्या कामात मोडत नव्हतं.

आईने लेकीला तिथेच बसवलं आणि डबी घेऊन बाजाराची वाट धरली. खोट्या दागिन्यांच्या पाच दुकानांत ती गेली. "अस्साच हवा, पण हलका," एवढंच म्हणत होती. दुकानदार डब्यांवर डबे उघडत होते. एकाची झालर सारखी, तर पदक गोल. एकाचं पदक जुळलं, तर खडे हिरवे. पाचव्या दुकानातली बाई तिचा चेहरा बघून म्हणाली, "बसा जरा. पाणी देऊ?" आई बसली नाही.

घरी आली, तर शिलाई मशीनजवळ पक्कड होती. आई लोकांचे कपडे शिवायची. अडकलेली सुई ओढायला ती पक्कड लागायची. तिने मांगटिका मशीनच्या पाटावर ठेवला. हूक पकडीत धरला. आयुष्यात कुणाच्या कपड्याला चुकीची कात्री लावली नव्हती तिने. डोळे मिटले आणि तो तुटेपर्यंत पिळला. मऊ सोनं ते; आवाजसुद्धा झाला नाही.

मग तिने विहीणबाईंना फोन लावला. "हूक तुटला हो माझ्या हातून. कसं सांगू, कळत नाही. उद्या काही तो घालता येणार नाही. मी भरून देईन."

"अहो, तुटला तर तुटला!" विहीणबाई मोकळेपणाने म्हणाल्या. "आमचा सोनार इथे हाकेच्या अंतरावर आहे. डाग लावून जोडायला अर्धा तास. तुम्ही कुठे आहात? मीच येते."

आईने घरीच आहे म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार? फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभी राहिली. सोन्याचा हूक मोडून बसलो आणि हाती काहीच लागलं नाही, हे तिला हळूहळू उमगत गेलं.

विहीणबाई आल्या तेव्हा बबडही पार्लरमधून परतली होती, डोक्याला ओढणी गुंडाळून. तिने पक्कड पाहिली, तुटलेला हूक पाहिला, आईचा चेहरा पाहिला. तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

"आई, पुरे," ती म्हणाली आणि ओढणी सोडली.

विहीणबाई पर्स छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"हूक आईने मुद्दाम मोडला, माझ्यासाठी," बबड म्हणाली. "हे आजचं नाहीये. मी स्वतःच केस उपटते. लहानपणापासून. पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, हा आजार आहे, वेळ लागेल. तुमचा मांगटिका माझ्या डोक्यावर टिकत नाही. दोनदा पडला."

"माझ्या मुलाला माहिती आहे?"

"लग्न ठरल्यावर पहिल्या महिन्यातच सांगितलं. डॉक्टरांकडे तोच घेऊन गेला होता. तुम्हाला सांगू दे म्हणाला, मीच थांबवलं."

आई ओट्याजवळच्या स्टुलावर बसली. त्याला सांगितलं. पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांकडे गेली. याच घरातून गेली, संध्याकाळी याच ओट्याशी बसून जेवली, आणि आपल्याला एक शब्द नाही. का नाही, हे विचारायचीही तिची छाती झाली नाही. उत्तर तिच्यापाशीच होतं.

"दोन महिन्यांत मी तीनदा येऊन गेले तुमच्या घरी," विहीणबाई आईकडे बघत म्हणाल्या. "आधी बोलला असतात तर?"

"मलाच आज सकाळी कळलं," आई म्हणाली. ते खरं होतं, आणि पुरतं खरं नव्हतं.

विहीणबाईंनी मांगटिका आणि पिना डबीत ठेवल्या, झाकण लावलं. "उद्या अकराला," एवढं बोलून त्या निघून गेल्या. लग्न आहे की नाही, ते त्या दोन शब्दांतून समजून घ्यायचं होतं. उरलेला दिवस दोघी मायलेकी फोनकडे बघत बसल्या. फोन आला नाही.

सकाळी सातला पार्लरवाली घरी आली. आईने काळ्या जाळीची बोटभर रुंद पट्टी शिवून ठेवली होती, मध्ये दोऱ्याचा बारीक फासा. "ही दोन्ही कानांच्या वरच्या दाट केसांत बांधा," ती म्हणाली, "म्हणजे हूक फाशात बसेल, भांगात नाही." पार्लरवालीने पट्टी ताणून पाहिली आणि मान डोलावली. तिने डावीकडचे केस उघड्या जागेवर आणले, भांग बोटभर बाजूला खोटाच पाडला आणि पट्टी त्याखाली दडवली. सात ग्रॅमचं पदक दोन भुवयांच्या वर, दोन बोटं अंतर सोडून टेकलं. अंबाड्यात लांब पायांच्या पिना गेल्या: आधी काठाचे थोडे केस उचलून, मग उलटून मध्याकडे, भरणात खोल.

"मान हलव," आई म्हणाली. बबडने हलवली, वाकली, उठली. काही सरकलं नाही.

"दुखतंय?"

"नाही."

हॉलच्या दारात वराकडची माणसं उभी होती, म्हणजे लग्न होतं. आईचे डोळे भरून आले, पण तिने ते वाहू दिले नाहीत. फोटोच्या वेळी नवऱ्या मुलाच्या आत्याने पुढे येऊन बबडच्या कपाळाकडे निरखून बघितलं. "हे काय, आपला मांगटिका कुठाय?" तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

आई पुढे सरकली.

"मीच नको म्हटलं," विहीणबाई कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या. "जड होतो. माझंही त्याने डोकं धरलं होतं दिवसभर."

आत्या काहीतरी पुटपुटत मागे झाली. विहीणबाई आईशी दिवसभर एक अक्षर बोलल्या नाहीत. जेवणाच्या टेबलावरही पाठ करून बसल्या. त्या पाठीतला राग आईला समजत होता, आणि तो जायला किती वर्षं लागतील ते समजत नव्हतं.

निघायच्या वेळी जावई जवळ आला. "पुढच्या गुरुवारी डॉक्टरांची वेळ आहे," तो हळूच म्हणाला. "तुम्ही येता का?"

आईने बबडकडे पाहिलं. बबडने पदर सावरला. मग म्हणाली, "बाहेर बसशील. आत नाही."

"बाहेर बसेन," आई म्हणाली.